वारकऱ्याच्या छायाचित्राखालच्या चार ओळी

आषाढी जवळ आली की वर्तमानपत्रांत, मासिकांत आणि आपापल्या मोबाइलमध्ये एकच चित्र दिसू लागते. पांढरा सदरा, पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, गळ्यात माळ आणि मागे भगव्या पताका. चित्राखालची ओळही ठरलेली असते: ‘पारंपरिक वेशातील वारकरी विठुनामात तल्लीन.’ ही ओळ कुठल्याही वर्षीच्या, कुठल्याही वारकऱ्याच्या चित्राखाली चिकटवली तरी चालते, आणि तिथेच तिचे चुकते. समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी ती काहीच सांगत नाही. त्याच्या गळ्यात काय आहे, ते कुणी घातले, टोपी का घातली, धोतर का खोचले, यातले काही लिहिणाऱ्याने पाहिलेले नसते.

वारकऱ्याच्या पोशाखाचे वर्णन आदराने करायचे म्हणजे ‘पवित्र’, ‘मंगल’, ‘सात्त्विक’ अशी विशेषणे वाढवायची, असा एक समज आहे. वारीत अर्धे आयुष्य चाललेल्या माणसाला त्या विशेषणांचे फारसे कौतुक नसते. त्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला कुणी ‘मण्यांचा हार’ म्हटले, तर मात्र ते त्याला लगेच खटकते. आदर नेमकेपणातून दिसतो. त्यासाठी पोशाखातली कुठली वस्तू संप्रदायाची, कुठली गावाकडची रोजची आणि कुठली फक्त वाटचालीपुरती, एवढे ओळखता आले पाहिजे. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की वर्णन फसते.

गळ्यापासून सुरुवात

बहुतेक जण वर्णन कपड्यांपासून सुरू करतात, कारण पांढरा रंग आधी नजरेत भरतो. वारकऱ्याची ओळख मात्र गळ्यातल्या माळेने होते. पांढरे कपडे घालावेत असा काही वारकरी संप्रदायाचा दंडक नाही. तुळशीची माळ मात्र संप्रदायाची खूण आहे आणि ती घालणे हा एक निश्चय आहे. फडावरच्या महाराजांकडून किंवा एखाद्या ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून, पुष्कळदा ज्ञानेश्वरीवर किंवा समाधीवर ठेवून घेतलेली माळ गळ्यात येते. तिच्याबरोबर नियम येतात. मांस आणि दारू वर्ज्य, एकादशीचा उपास, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी. म्हणून ‘माळ घातली’ एवढे दोन शब्द गावात पुरतात, पुढचे सगळे लोक समजून घेतात. अशा माणसाला माळकरी म्हणतात. पालखीबरोबर चालणारा प्रत्येक जण माळकरी असतोच असे नाही. हौसेने दोन टप्पे चालणाराही दिंडीत असतो.

माळ तुळशीच्या वाळलेल्या लाकडाची, म्हणजे काष्ठाची असते. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे मणी घडवत आली आहेत. पूर्ण माळ 108 मण्यांची. कुणाची गळ्यालगत बसलेली असते, कुणाची छातीवर रुळते, तर कुणाची सदऱ्याच्या आत असते आणि मानेपाशी तिचे दोन-तीन मणीच दिसतात. नवी माळ फिकी, पिवळसर तपकिरी असते. वर्षानुवर्षांच्या घामाने आणि अंगाच्या तेलाने ती काळपट, गुळगुळीत होत जाते. जवळून घेतलेल्या छायाचित्रात हा फरक स्पष्ट कळतो, आणि ‘जुनी, वापराने काळवंडलेली तुळशीची माळ’ एवढ्या वर्णनातच त्या माणसाचा काळ मावतो. माळकरी ती एरवी काढत नाहीत. तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय अन्न न घेणारी माणसे आजही आहेत. म्हणून फोटोसाठी ‘माळ जरा बाहेर काढा’ म्हणणे, किंवा ती नीट दिसावी म्हणून स्वतः हात लावणे, हे दोन्ही टाळायचे. आत असेल तर आत राहू द्यावी आणि वर्णनातही जेवढी दिसते तेवढीच लिहावी.

आता हाराचे. पुष्कळ चित्रांत वारकऱ्याच्या गळ्यात फुलांचा किंवा तुळशीच्या पानामंजिऱ्यांचा हार असतो. पाहणाऱ्याला वाटते, हाही पोशाखाचाच भाग. तसे नाही. चालणारा वारकरी स्वतःहून हार घालून निघत नाही. हार त्याच्या गळ्यात कुणीतरी घातलेला असतो. गावाने दिंडीचे स्वागत केले की पहिला मान विणेकऱ्याचा, कारण दिंडीची वीणा त्याच्या गळ्यात असते. तो हार कधी त्याच्या गळ्यात पडतो, कधी वीणेच्या भोपळ्यावर. पालखीवरचा किंवा पादुकांवरचा हार प्रसाद म्हणून मिळाला, तर तो घेणाऱ्याने आधी कपाळाला लावलेला असतो आणि मग गळ्यात घातलेला असतो. तुळशीहार विठ्ठलाचा आवडता, म्हणून तोही बहुधा प्रसादाचाच. तेव्हा हार दिसला की वर्णन करणाऱ्याने एक प्रश्न विचारायचा: ‘माउली, हा हार कुठला?’ उत्तर मिळाले की ‘गळ्यात हार घातलेला वारकरी’ या ओळीची जागा ‘गावाने घातलेला झेंडूचा हार गळ्यात असलेले विणेकरी’ ही ओळ घेते. दुसऱ्या ओळीत एक घडलेली गोष्ट आहे, पहिलीत फक्त सजावट.

माळ आणि हार एकाच चित्रात असतील, तर वर्णनात माळ आधी यावी. माळ आयुष्याची असते. हार संध्याकाळपर्यंत सुकतो आणि उतरतो.

कपाळावरचे

टोपीखाली कपाळावर गोपीचंदनाच्या उभ्या रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये किंवा खाली बुक्क्याचा काळा ठिपका. गोपीचंदन ही पिवळसर पांढरी माती आहे आणि तिचे नाते द्वारकेशी सांगतात. ती पाण्यात उगाळून बोटाने ओढली तर रेघ थोडी वेडीवाकडी येते. वाटेवर मात्र पितळी ठसा घेऊन मुले उभी असतात आणि थोड्याशा पैशांत कुणाच्याही कपाळावर रेखीव गंध उमटवतात. त्यामुळे गंध दिसले म्हणजे माणूस माळकरी, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुण्यात पालखी बघायला आलेल्या कॉलेजच्या मुलाच्या कपाळावरही तेच गंध असते.

बुक्का हे काळे सुगंधी चूर्ण. तो स्वतः लावण्यापेक्षा दुसऱ्याने लावायचा असतो. दोन वारकरी भेटतात, एकमेकांच्या कपाळी बुक्का लावतात आणि एकमेकांच्या पाया पडतात. वयाचा आणि जातीचा हिशेब तिथे लागत नाही. असा बुक्का लावताना थोडा गळतो, आणि पांढऱ्या सदऱ्याच्या छातीवर काळी बारीक भुकटी पडते. मोबाइलमध्ये छायाचित्र ‘स्वच्छ’ करण्याची सोय असते, आणि पुष्कळ जण नेमके हेच डाग पुसतात. ते पुसू नयेत. आज किती माणसे भेटली याची ती खूण असते.

पांढरे कपडे आले कुठून

आता पांढऱ्या रंगाकडे येऊ. तुकोबांच्या सर्वपरिचित चित्रात त्यांच्या डोक्याला पागोटे आहे, टोपी नाही. ही साधी गोष्ट लक्षात ठेवली तर ‘शतकानुशतकांचा पारंपरिक वेश’ ही ओळ आपण लिहिणार नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी देहूहून पालखीची प्रथा 1685 मध्ये सुरू केली. हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्या काळी वारकऱ्याच्या डोक्यावर मुंडासे, पटका किंवा पागोटे असे. आज दिसते ती पांढरी टोपी गांधी टोपी आहे. 1920 च्या असहकार चळवळीच्या सुमारास ती महाराष्ट्राच्या गावोगाव पोचली आणि तिथेच राहिली.

ती राहण्यामागे कारणे आहेत. मुंडाशाला कित्येक हात कापड लागते, टोपीला वीतभर रुंदीचा एक तुकडा पुरतो. घडी करून ती खिशात जाते. रात्री धुतली तर सकाळी वाळते. शिवाय पागोट्याच्या बांधणीवरून माणसाचा मुलूख आणि पुष्कळदा जातही कळत असे, टोपीने ते झाकले. चळवळ संपली, टोपी शेतकऱ्याच्या डोक्यावर रोजची झाली, आणि तोच शेतकरी आषाढात वारीला निघाला तेव्हा टोपीही त्याच्याबरोबर निघाली. वारीसाठी म्हणून ती कुणी ठरवून घेतलेली नाही.

धोतराचेही तसेच. एक काळ असा होता की गावातला प्रत्येक प्रौढ माणूस धोतर नेसत असे. शहरात विजार आली, मग गावातही आली, आणि धोतर मागे पडत गेले. त्यामुळे जो काल सगळ्यांचाच पोशाख होता, तो आज वारकऱ्याचा वेगळा ‘वेश’ वाटू लागला आहे. म्हणून ‘वेशभूषा’ हा शब्द मला या चित्राखाली नको वाटतो. नाटकातला नट किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातला मुलगा वेशभूषा करतो. सत्तरीतले आजोबा धोतर नेसतात ते इतकेच, की ते रोजच नेसतात. तिशीतला त्यांचा नातू एरवी जीन्स घालतो आणि वारीपुरता पांढरा लेंगा-सदरा शिवून घेतो. त्याच्या बाबतीत मात्र ‘वारीसाठी पांढरे कपडे’ असे म्हणणे बरोबर ठरेल. दोघे शेजारी चालतात, कपडे सारखेच दिसतात, पण दोघांचे वर्णन सारखे करता येत नाही.

इथे आणखी एक खबरदारी. पांढरा पोशाख हा वारीतल्या पुरुषांचा. दिंडीतल्या बाया हिरव्या, लाल, जांभळ्या लुगड्यांत आणि साड्यांत असतात, आणि त्यांच्यातल्या काहींच्या डोक्यावर तुळशीवृंदावन असते. ‘पांढऱ्या वेशातील वारकऱ्यांचा सागर’ असे लिहिले की दिंडीतला मोठा भाग एका फटक्यात पुसला जातो.

कपडा जवळून पाहताना

वर्णन करायला बसल्यावर ‘पांढरे सुती कपडे’ या तीन शब्दांवर थांबू नये. धोतर साधारण पाच वारांचे असते, दुकानात ते जोडीने मिळते आणि जोडीतल्या एकेकाला पान म्हणतात. त्याला बारीक रंगीत काठ असतो, निळा, लाल किंवा काळा. छायाचित्रात पांढऱ्या पसाऱ्यातून तो काठच धोतराची घडी कुठून कुठे गेली ते दाखवतो. पुढे निऱ्या, मागे काष्टा आणि एक मोकळा सोगा. वाट चालताना सोगा हातात धरत नाहीत, कमरेला खोचतात. चिखल असला किंवा रिंगणात नाचायचे असले की धोतर पोटऱ्यांच्या वर घेतात. तेव्हा ‘अस्ताव्यस्त धोतर’ असे कुणी लिहू नये. ते विचारपूर्वक खोचलेले असते.

वर सदरा, म्हणजे गुडघ्याच्या वर संपणारा, बिनकॉलरचा किंवा पट्टीच्या गळ्याचा. काही जण नुसत्या कोपरीवर असतात. कोपरी म्हणजे अर्ध्या बाह्यांची बंडी, तिला आतून खिसा असतो आणि वाटखर्चीचे पैसे तिथे ठेवतात. काही मंडळी बाराबंदी घालतात, ती बटणांऐवजी बंदांनी बांधतात. खांद्यावर उपरणे असते, त्याने घाम पुसतात, ते अंथरतात, भजनात कमरेला गुंडाळतात. या चारांतले नेमके काय अंगावर आहे ते पाहून लिहावे. ओळखता आले नाही तर ‘पांढरा सदरा’ एवढे साधे लिहिलेले बरे. चुकीचा भारदस्त शब्द वापरण्यापेक्षा ते केव्हाही चांगले.

कपडा सुती आहे का, हाही प्रश्न आहेच. आजकाल पुष्कळ सदरे आणि टोप्या टेरिकॉटच्या असतात. ते लवकर वाळतात, म्हणून पावसाळ्यात सोयीचे. फरक डोळ्यांनी कळतो. सुती कापड कोपरापाशी आणि बसून उठल्यावर मांड्यांवर बारीक, दाट चुरगळते. भिजले की अंगाला चिकटते आणि खालची बंडी दिसू लागते. टेरिकॉटला थोडी चकाकी असते आणि त्याची इस्त्रीची घडी दुपारपर्यंत टिकते. दूरच्या चित्रात हे दिसत नसेल, तर ‘सुती’ शब्द गाळावा.

टोपीकडे पाहताना खळ बघावी. खळ घालून इस्त्री केलेली टोपी सकाळी ताठ असते, पुढचे टोक वर राहते. घामाची ओळ कडेला उमटते आणि पहिल्या सरीनंतर टोपी मऊ पडते. वाटेत फुकट वाटलेल्या छापील टोप्याही असतात, त्यांच्यावर कुणाची तरी जाहिरात असते. ती जाहिरात चित्रात येऊ द्यायची की नाही हे छायाचित्रकाराने आधी ठरवावे. नंतर संगणकावर पुसून टोपी कोरी करू नये.

आणि जे ‘परंपरे’त बसत नाही, तेही लिहावे. पायांत कॅनव्हासचे बूट असतात, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेतलेला असतो, सदऱ्याच्या खिशातून मोबाइलचे टोक दिसते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आहे आणि ती पावसात चालायची आहे. ज्याने पायाला काय घालायचे याचा विचार केला, तो कमी भक्त ठरत नाही.

एक चित्र, तीन मसुदे

आता एक छायाचित्र समोर आहे असे समजू. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडला निघाली आहे. हा दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा असतो, म्हणजे वारकऱ्यांचा उपास असतो आणि त्याच दिवशी दिवे घाट चढायचा असतो. घाटाच्या अलीकडे वडकी नाल्याला विसावा आहे. एका दिंडीच्या ट्रकच्या सावलीत सत्तरीच्या घरातले गृहस्थ उभे आहेत. टोपी, सदरा, गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर. गळ्यात काळवंडलेली माळ आणि तिच्यावर तुळशीचा हार. हातात टाळ, त्यांची दोरी बोटांना गुंडाळलेली.

पहिला मसुदा सहज सुचतो तसा: ‘पारंपरिक वेशभूषेतील एक भोळाभाबडा वृद्ध वारकरी, गळ्यात हार घालून विठ्ठलाच्या भेटीची आस घेऊन उभा आहे.’

यात चुका मोजाव्यात. ‘वेशभूषा’ कशी चुकते ते वर आलेच आहे. ‘भोळाभाबडा’ हे छायाचित्रात दिसत नाही, तो आपला अंदाज आहे. हे गृहस्थ निवृत्त शिक्षक असतील, माजी सैनिक असतील, साखर कारखान्यातले फिटर असतील. भक्ती करणारा भोळाच असतो असे मानणे हा आदर नव्हे, ती वरून केलेली कीव आहे. माळेचा उल्लेखच नाही, हाराचा आहे. ‘आस घेऊन’ हेही आपण घातलेले, ते कदाचित ट्रकमधून राजगिऱ्याचे लाडू येण्याची वाट पाहत असतील. आणि ‘उभा आहे’ हे एकेरी आहे. आजोबांच्या वयाच्या अनोळखी माणसाला आपण तोंडावर ‘उभा आहेस का’ म्हणणार नाही, तर छापताना तरी का म्हणावे?

दुसरा मसुदा सावध होतो आणि उलट टोक गाठतो: ‘शुभ्र धवल वस्त्रे परिधान केलेले, भालप्रदेशी गोपीचंदन धारण केलेले, कंठी तुळशीमाला रुळणारे विठ्ठलभक्त.’ इथे चूक सापडत नाही, पण माणूसही सापडत नाही. ही भाषा आरतीच्या पत्रिकेत शोभते. जो माणूस स्वतः ‘धोतर’, ‘माळ’, ‘टोपी’ म्हणतो, त्याच्याविषयी लिहिताना त्याचेच शब्द वापरणे हाच मान. शिवाय कपडे ‘शुभ्र धवल’ नाहीतच. खालच्या काठाला वाटेतला चिखल आहे.

तिसरा मसुदा लिहिण्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागल्या: हार कुठला, आणि नाव-गाव छापले तर चालेल का. समजा उत्तर आले की हार पालखीच्या दर्शनाला मिळाला, गाव छापा पण नाव नको. मग ओळी अशा होतील:

‘वडकी नाल्याच्या विसाव्याला एक टाळकरी. गळ्यात तुळशीची जुनी माळ आणि वर पालखीच्या दर्शनाचा तुळशीहार. कपाळी गोपीचंदन, बुक्का. पांढरी टोपी व सदरा, घाटाच्या चढासाठी गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर. हातात टाळ घेऊन ते दिंडीबरोबर निघण्याच्या तयारीत आहेत.’

खाली त्यांचे गाव. एवढेच. विशेषणे मोजकीच आहेत, ‘जुनी’, ‘पांढरी’, आणि ती डोळ्यांना दिसतात. क्रम पाहा: आधी जागा आणि माणसाचे दिंडीतले काम, मग गळा, मग कपाळ, मग कपडे, शेवटी हात. टाळकरी, विणेकरी, पखवाजी, पताकाधारी, चोपदार यांतले काय ते सांगितले की माणूस ‘वारकऱ्यांपैकी एक’ राहत नाही. दिंडीत त्याची जागा ठरलेली असते. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मग पखवाज आणि वीणा, त्यांच्या मागे तुळशी आणि हंडा घेतलेल्या बाया. कोण कुठे चालतो यावरून त्याचे काम पुष्कळदा ओळखू येते.

पांढऱ्याला पांढरे दाखवण्याची अडचण

वर्णन चांगले आणि चित्र फसलेले, असे होऊ नये म्हणून दोन शब्द छायाचित्राविषयी. पांढऱ्या कपड्यातला उन्हाने रापलेला माणूस टिपणे कॅमेऱ्याला अवघड जाते. बरेचसे पांढरे समोर दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेड जास्त आहे. तो चित्र काळवंडवतो, सदरा राखाडी होतो आणि चेहरा अंधारात जातो. भर उन्हात चेहऱ्यासाठी उजेड वाढवावा, तर टोपी आणि सदरा नुसता पांढरा ठिपका होतो, चुण्या आणि शिवण नाहीशी होते.

यातून वाट काढायची तर माणसाला सावलीत घ्यावे. वारीत झाड नेहमी मिळेल असे नाही, पण प्रत्येक दिंडीचा सामानाचा ट्रक असतोच, आणि त्याच्या सावलीत उजेड सगळीकडून सारखा येतो. ढगाळ दिवस असेल तर प्रश्नच मिटला. मोबाइलवर बोट चेहऱ्यावर टेकवून उजेड थोडा वाढवावा आणि सदऱ्यावरची एक तरी चुणी दिसते आहे का ते पाहावे. चुणी दिसत असेल तर कापड शाबूत आहे. टोपीला पुढे कड नसते, त्यामुळे चेहऱ्यावर तिची सावली पडत नाही, ही एक सोय. भगवी पताका अगदी जवळ असेल आणि तिच्यातून ऊन येत असेल, तर पांढऱ्यावर केशरी झाक पडते. ती नको असेल तर दोन पावले बाजूला व्हावे. नीळ दिलेल्या कपड्यावर मुळातच निळसर झाक असते. ती रंग ‘सुधारून’ काढली तर चेहरा पिवळा पडतो.

जलरंगात चित्र काढणारे याच अडचणीला दुसऱ्या बाजूने भिडतात. ते पांढरा रंग लावतच नाहीत. कागद कोरा ठेवतात आणि फक्त चुण्यांची निळसर करडी सावली व खालच्या काठाची मातकट छटा रंगवतात. पांढरे कापड डोळ्यांना कळते ते त्या सावल्यांमुळे.

विचारायचे कसे आणि केव्हा

अभंग चालू असताना रांगेतल्या माणसाला थांबवून चित्र घेऊ नये. त्याच्या एका थांबण्याने मागच्या सगळ्या रांगांचे पाऊल चुकते. विसावा असतो, तळावर राहुट्या पडल्यावर संध्याकाळ असते, तेव्हा वेळ असतो. समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की सगळा तळ शांत होतो. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा. खाली ठेवलेल्या टाळांवरून किंवा पखवाजावरून ओलांडून जाऊ नये.

विचारण्याची पद्धत वारीने आधीच ठरवून दिलेली आहे. ‘माउली, एक फोटो घेऊ का?’ असे म्हटले की बहुतेक जण होकार देतात आणि जरा ताठ उभे राहतात. काही जण टोपी काढून, हाताने झटकून पुन्हा घालतात. त्यांना तेवढा वेळ द्यावा, कारण स्वतः कसे दिसावे हे ठरवण्याचा हक्क त्यांचाच आहे. ‘हात जोडा’, ‘डोळे मिटा’, ‘वर बघा’ अशा सूचना देऊ नयेत. त्या दिल्या की चित्रात त्या माणसाऐवजी आपल्या डोक्यातला वारकरी येतो, आणि मग त्याखाली पुन्हा तीच ‘तल्लीन’ची ओळ लिहावी लागते. कुणी नको म्हणाले तर ‘बरं माउली’ म्हणून पुढे जावे.

काढलेले चित्र त्यांना लगेच दाखवावे, आणि खाली काय लिहिणार तेही वाचून दाखवावे. हा सगळ्यात भरवशाचा तपास आहे. माळेला हार म्हटले असेल, कोपरीला सदरा म्हटले असेल, दिंडीचे नाव चुकले असेल, तर ते तिथल्या तिथे सांगतात. लिहिलेले बरोबर असेल तर बहुधा काही न बोलता मान हलवतात, आणि पत्ता देऊन विचारतात की याचा कागदावरचा फोटो घरी मिळेल का. तो पाठवायचे कबूल केले असेल तर पाठवावा.